दुसरी मूठ

कराडला एका नातेवाइकांकडे गेले होते. दुपारची वेळ. शेजारच्या आजी ओसरीवर सुपात शेंगा घेऊन फोडत बसल्या होत्या आणि त्यांचा नातू शाळेच्या प्रकल्पाची वही त्यांना वाचून दाखवत होता. विषय भूकंप. पोरगा एका दमात वाचून गेला : "११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर परिसरात झालेल्या ६.५ तीव्रतेच्या भूकंपात सुमारे १८० लोक मृत्युमुखी पडले." आजींनी मांडीवरची टरफलं झटकली आणि विचारलं, "ह्ये कुठलं रं?" तो म्हणाला, "आजी, तुझ्या गावाकडचंच की!" आजी माहेरच्याही पाटण तालुक्यातल्या आणि सासरच्याही. त्या पहाटे त्या तिथेच होत्या, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. आजी क्षणभर थांबल्या, "आसंल," म्हणाल्या, आणि पुढची शेंग उचलली.

ते "आसंल" मला पुढे बरेच दिवस छळत राहिलं. वहीतल्या वाक्यात खोटं काही नव्हतं. तीव्रतेचा आकडा पुस्तकागणिक थोडा इकडेतिकडे होतो, एवढंच. पण ज्या बाईवर ते सगळं गुदरलं, तिलाच त्यात आपलं काही ओळखू आलं नाही. त्याच सुमारास मी कोयनेच्या भूकंपावर एक लघुकथा लिहायला घेतली होती. कथा सांगणारी एक आजी होती आणि कथेच्या पहिल्या पानावर नेमकी हीच माहिती वाचकापर्यंत पोचवायची होती. काय झालं, कधी झालं, कुठे झालं, किती गेले. एवढं एकच वाक्य आजीच्या तोंडून यायचं होतं, आणि बाकीची कथा त्यावर उभी राहणार होती.

सगळ्यात जवळची वाट म्हणजे तेच वाक्य गावाकडच्या बोलीत लिहायचं. ते कसं दिसतं हे पाहावं म्हणून मी मुद्दाम लिहून बघितलं : "अकरा डिसंबरला पहाटं सव्वाचारच्या पुढं लई मोठा भूकंप झाला बग, पावनेदोनशे मानसं मेली." मोठ्याने वाचलं की लगेच कळतं, हे वाक्य अजून वहीतच आहे. काना-मात्रा बदलल्या, पण माहितीची रांग तीच राहिली. आधी तारीख, मग वेळ, मग घटना, मग आकडा. ही रांग बातमीची आणि सरकारी अहवालाची आहे. त्या पहाटेचं कुणी माणूस अशा रांगेत सांगत नाही. आजी जिथे उभी होती तिथून सुरू करते. माझ्या मते, ग्रामीण निवेदनाच्या पुष्कळशा कथा इथेच फसतात. बोली अगदी अस्सल असते, पण तिच्याखालून प्रमाण मराठीतला अहवाल डोकावत असतो.

म्हणून मी बोली बाजूला ठेवली आणि त्या वाक्यातला एकेक तुकडा घेऊन स्वतःला विचारत गेले : हे आजीला कुणी सांगितलं? ४ वाजून २१ मिनिटं ही वेळ यंत्राने टिपलेली. तिच्या घरात घड्याळ असण्याचं कारण नव्हतं, आणि असतंच तर त्या अंधारात ते कुणी पाहिलं असतं? तीव्रता वेधशाळेची. "कोयनानगर परिसर" हा नकाशावरचा शब्द, तिच्या लेखी ते तिचं घर, तिची आळी आणि पलीकडची वाडी. १८० हा आकडा तर कुठल्या तरी कचेरीत, अनेक गावांच्या याद्या एकत्र करून, कितीतरी दिवसांनी तयार झालेला. सगळे तुकडे बाहेरून आलेले निघाले. त्या घटकेला तिच्याजवळ यातलं काहीच नव्हतं. मग तिच्याजवळ काय होतं, ते शोधणं हे माझं काम झालं.

सुरुवात तारखेपासून केली, कारण ती सगळ्यात सोपी वाटली होती. अकरा डिसेंबर आजीच्या कॅलेंडरात नाही, पण त्या दिवसाला तिच्या पंचांगात जागा असणारच. मांडणी करून पाहिली तर तो मार्गशीर्षाचा शुक्ल पक्ष निघाला, दशमीच्या आसपासचा. म्हणजे चंपाषष्ठी तीन-चार दिवसांपूर्वी होऊन गेलेली आणि दत्तजयंती चार-पाच दिवसांवर आलेली. खंडोबा ज्यांचं कुलदैवत, त्या घरांत चंपाषष्ठीला नुसतं "सट" म्हणतात. सटीला वांग्याचं भरीत, रोडगे, तळी भरणं झालेलं. भात कापून झोडून झालेला, पेंढा रचलेला, थंडी पडलेली. या मांडणीतून आणखी एक गोष्ट मिळाली, जी मी शोधायला गेले नव्हते. दशमीचा चंद्र पहाटे चारच्या आधीच मावळतो. म्हणजे त्या वेळी बाहेर काळोख होता. वहीतल्या वाक्यात हा काळोख नाही. आजीच्या सांगण्यात मात्र तोच सगळ्यात आधी येईल, कारण तिला पुढचं सगळं चाचपडत करावं लागलं.

साल कसं सांगायचं, हा प्रश्न उरलाच. सालाचा आकडा अशी बाई सहसा तोंडात घेत नाही, ती मुलांच्या वाढीवर काळ मोजते. "तुझा बाप रांगत हुता." हे लिहायला सोपं आहे, पण त्याचा हिशेब जुळवावा लागतो. डिसेंबर १९६७ मध्ये रांगणारं मूल त्या वर्षाच्या मार्च-एप्रिलात जन्मलेलं असणार. ऐकणारी नात दहा वर्षांची हवी असेल, तर कथेचा वर्तमान २००३च्या आगेमागे धरावा लागतो. म्हणजे भूकंपात बावीस वर्षांची असलेली ही आजी सांगताना अठ्ठावन्नची. अठ्ठावन्नची आजी काठी टेकत चालत नाही. ती शेतात जाते, भाकरी थापता थापता बोलते, मध्येच उठून जनावराला पाणी दाखवते. हा हिशेब केला नसता तर मी सवयीने एक थकलेली, सुरकुतलेली आजी लिहून मोकळी झाले असते आणि तिचं बोलणंही सुस्कारे टाकत चाललं असतं.

मग आवाज. कोयनेच्या हादऱ्यांबरोबर जमिनीतून गुरगुर ऐकू येते, हे त्या भागातल्या कुणालाही विचारा. धरणात पाणी अडवायला लागल्यावर, १९६२-६३पासून, लहान हादरे सुरू झालेच होते. १९६७च्या सप्टेंबरातही एक मोठा हादरा होऊन गेला होता. म्हणजे डिसेंबरात भुई हलली तेव्हा ती त्या बायकांना नवी नव्हती. फळीवरची भांडी वाजायची, थांबायची, कामं पुढे चालू राहायची. हे कळल्यावर माझ्या कथेतला एक ठरीव प्रसंग गळून पडला. आजी दचकून ओरडत उठते, असं मी मनात धरलं होतं. सवय झालेलं माणूस तसं उठत नाही.

आणि ती आधीच उठलेली असेल तर?

त्या काळी त्या खोऱ्यात पहाटे दळायला उठणं नेहमीचं होतं. चिमणीच्या उजेडात जात्याशी बसलेली बाई डोळ्यांसमोर आली आणि गुरगुरीला एकदम जागा सापडली. जमिनीतून आलेला तो आवाज तिला पहिल्या क्षणी दुसऱ्या कुणाच्या जात्याचाच वाटणार. शेजारीण आज आपल्या आधी बसली, एवढंच तिच्या मनात येणार. घटना कळण्याच्या आधीचा हा क्षण वहीतल्या वाक्यात असूच शकत नाही, कारण ते वाक्य "भूकंप" हा शब्द हातात घेऊनच सुरू होतं. आजीला तो शब्द शेवटी मिळतो. आधी घरघर, मग भांडी, मग भिंत, मग धूळ, आणि सगळं झाल्यावर कुणीतरी बाहेरून ओरडतं तेव्हा नाव. निवेदन आजीचं झालं की नाही, हे मी पुढे याच एका खुणेवर तपासू लागले : नाव आधी आलं, की खोडायचं.

जात्यात पहिली मूठ टाकल्यावर घरघर आली. हादऱ्यांची सवय, म्हणून तिने दुसरी मूठ टाकली. ही दुसरी मूठ मला सापडली तेव्हा कथाच सापडल्यासारखं वाटलं. त्या एका मुठीच्या वेळात ती झोळीकडे गेली असती, थोरल्या लेकीला हलवून उठवता आलं असतं. पस्तीस-छत्तीस वर्षांनी सांगताना तिला मिनिट आठवत नाही, पण मूठ आठवते. माझ्या कथेत वेळेचं माप तेच ठरलं.

पण हे ती सांगते कुणाला? यावर मी जितका वेळ दिला तितका दुसऱ्या कशावरही दिला नाही. समोर कोण बसलंय त्यावर आजीचा आवाज पुरता बदलतो. पंचनाम्याला आलेल्या माणसापुढे ती बोलेल ते असं : "दोन भिंती पडल्या सायेब, पितळंची सगळी भांडी. धान्य मातीत ग्येलं." तिथे दुसरी मूठ येणारच नाही. माहेरून आलेल्या बहिणीपुढे ती भिंतीचं बोलणार नाही, फक्त थोरलीचं बोलेल, आणि तेही अर्धंच, कारण बहिणीला उरलेलं कळतं. दहा वर्षांच्या नातीपुढे तिला दोन गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. पोरीला खरं सांगायचं आहे, आणि पोर रात्री घाबरून उठायला नको. म्हणून ती म्हशीपासून सुरू करते. म्हैस रातभर कशी उठत-बसत होती, तिला शिव्या कशा दिल्या, ते रंगवून सांगते. पोर हसते. मग हळूच मूठ येते. आजी आडवळणाने बोलतात असं आपण सहज म्हणतो. मला आता वाटतं, त्या आडवळणाला बहुतेक वेळा समोरचं माणूस कारण असतं. वहीतलं वाक्य कुणाशीच बोलत नव्हतं, आणि म्हणूनच कराडच्या त्या आजींना ते आपलं वाटलं नसावं.

सगळ्यात अवघड होता तो १८०चा आकडा. तो टाळून चालणार नव्हतं. त्याशिवाय वाचकाला घटनेचा आवाका कळत नाही, आणि गेलेल्या माणसांना वगळून केलेलं सांगणं मला मान्य नव्हतं. "लई मानसं गेली" हे वाक्य लिहिलं आणि खोडलं. त्यात कुणीच गेल्यासारखं वाटत नाही. आळीतल्या घरांची यादी लिहिली, ती शोकसभेसारखी झाली. मग मी विचार केला, गावात एखादं माणूस गेल्याचं पुढच्या वर्षांत कुठे कुठे जाणवत राहतं? जिथे त्याचं काम अडतं तिथे. तेव्हा मी वरच्या आळीची सुईण निवडली. तिने आजीची पहिली दोन बाळंतपणं केलेली. भूकंपात ती गेली. दोन वर्षांनी धाकटीच्या वेळी आजीला कळा सुरू झाल्या आणि बोलवायला कुणी नव्हतं, पाटणच्या दवाखान्यापर्यंत न्यावं लागलं. आता एका माणसाचं जाणं पुढच्या जन्मापर्यंत पोचलं. बाकीच्यांसाठी मी नातीच्या तोंडी तो आकडाच दिला. शाळेत शिकवलेलं आठवून ती म्हणते, "एकशेऐंशी माणसं गेली ना गं?" आजी विचारते, "त्यात आमची वाडी धरली का?" नातीला सांगता येत नाही, मलाही येत नव्हतं, आणि कथेत ते तसंच राहिलं.

काही गोष्टी तिने स्वतः पाहिलेल्या नाहीत, नुसत्या ऐकल्या. त्यांना वेगळी खूण लागते, आणि आपल्या बोलण्यात ती तयारच आहे : "म्हनं." धरण फुटल्याची आवई कथेत मी याच खुणेने आणली. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटून पुण्यात काय झालं, ते तेव्हा सगळ्यांच्या कानावर होतं, त्यामुळे कोयनेच्या काठच्या बायका पोरं काखोटीला मारून टेकाडाकडे पळणं अगदी संभवनीय होतं. प्रत्यक्षात धरणाला तडे गेले, पण ते टिकलं. हे "पण ते टिकलं" आजीच्या तोंडी लगेच येता कामा नये. ती टेकाडावर चढते, उजाडेपर्यंत खाली बघत बसते, आणि पाणी येत नाही. तेवढ्यावरच तिला कळतं.

घरांचंही असंच झालं. दगडमातीच्या जाड भिंती कोसळल्या आणि माणसं त्याखाली गेली, हे कुठल्याही तांत्रिक नोंदीत मिळेल. आजी ते कारण म्हणून सांगत नाही. ती म्हणते, कारवीच्या कुडाचं घर होतं त्या गरिबाचं काही गेलं नाही, आणि ज्यांनी मुंबईच्या पैशावर दगडी भिंती चढवल्या त्यांचं बघ. यात भूकंपाचं शास्त्रही आहे आणि गावातली जुनी असूयाही, आणि दोन्ही एकाच श्वासात येतात. ते वेगळं करायला मी गेले नाही.

शेवटी त्या एका वाक्याच्या जागी जो परिच्छेद उभा राहिला, तो असा :

"सट झाली हुती आन दत्ताची पुनव यायची हुती. तुझा बाप रांगत हुता, तुझा आजा मुंबईला गिरणीत. आमची म्हस रातभर उठत-बसत हुती, तिला मी दोन शिव्या दिल्या आन अंधारातच जात्यावर बसले. चांद कवाच बुडाला हुता. पहिली मूठ टाकली आन खालनं घरघर आली. वाटलं, पल्याडची आज माझ्या आदी बसली दळायला. भांडी वाजली, तर ती रोजच वाजायची. म्हणून मी दुसरी मूठ टाकली. बाय गं, ती मूठ हातातच ठिवली असती तर. मग चिमणी पडली. मग काय दिसतंय? झोळीतनं तुझ्या बापाला कसा वढला ते मला अजून ठाव न्हाई. म्हस दावं तोडून अंगणात आदीच हुबी, माझ्याकडं बघत. माती तोंडात, डोळ्यांत. मी थोरलीला हाका मारत हुते आन भिताड वाजत हुतं. मागनं कुणीतरी वरडलं, धरणीकंप झाला, धरणीकंप झाला. तवा कळलं, ह्येला म्हणत्यात धरणीकंप."

बोलीच्या बाबतीत मी हात आखडता घेतला, तो मुद्दाम. हुतं, न्हाई, तवा, आन, आदी, ठिवली, वढला, अशी मोजकी रूपं सगळीकडे सारखी ठेवली आणि बाकी शब्द नेहमीच्या लेखनात राहू दिले. प्रत्येक अक्षर उच्चाराप्रमाणे लिहिलं तर साताऱ्याबाहेरचा वाचक अडखळत राहतो आणि त्याचं सगळं लक्ष लेखनाकडे जातं, मुठीकडे जात नाही. शिवाय आजी स्वतःला "बोलीत बोलणारी" समजत नाही, ती नुसती बोलते. वाक्यांची लांबी मात्र बारकाईने पाहिली. दळताना वाक्यं लांब आणि निवांत आहेत. चिमणी पडल्यावर ती तुटतात. "माती तोंडात, डोळ्यांत" इथे क्रियापदच नाही. ती घाई बोलीने आणता येत नाही, ती श्वासानेच यायला हवी. तपासायला मी परिच्छेद चालता चालता मोठ्याने म्हणून पाहिला आणि जिथे लेखकाचा श्वास लागत होता तिथे वाक्य तोडलं.

या परिच्छेदात काय हरवलं, तेही नोंदवायला हवं. ज्याला कोयना ठाऊक नाही अशा वाचकाला यातून साल कळत नाही, जिल्हा कळत नाही. मराठी वाचकाला दोन-तीन खुणा पुरतात. बाकीच्यांसाठी मी नातीच्या बापाला, म्हणजे त्या वेळी रांगणाऱ्याला, दोन पानांनंतर बोलायला लावलं. तो शिकलेला आहे, त्याला स्वतःला काहीच आठवत नाही, आणि म्हणूनच तो तारीख अगदी अचूक सांगतो. सदुसष्ट साल, अकरा डिसेंबर, सोमवार. आठवण जिच्याकडे आहे तिच्याजवळ तारीख नाही आणि तारीख ज्याच्याकडे आहे त्याच्याजवळ आठवण नाही, हे मला त्या दोघांना एका ओसरीवर बसवल्यावरच दिसलं.

एक तुकडा अजून बसत नाही. मुंबईतला आजोबा. धक्का मुंबईतही जाणवला होता, आणि कोयनेची वीज तुटल्याने तिथल्या कारखान्यांनाही फटका बसला. रात्रपाळीला उभा असलेला आजोबा, समोरचे माग थांबलेले, आणि का थांबले हे त्याला अजून माहीत नाही, असं चित्र मी लिहून ठेवलं आहे. ते मला फार आवडतं. पण आजी तिथे नव्हती. तिला ते त्याने नंतर सांगितलं असणार, म्हणजे तिच्या तोंडी ते "म्हनं" लावूनच येईल, आणि "म्हनं" लावलं की त्या चित्रातला निम्मा जोर जातो. आजोबाला स्वतः बोलायला लावलं तर कथा दोन आवाजांची होते, आणि दुसऱ्या मुठीनंतर मला दुसरा आवाज नको आहे. सध्या ती तीन वाक्यं वेगळ्या कागदावर आहेत. आजोबा एसटीने गावी पोचतो त्या प्रसंगात, तो काही न बोलता पडलेल्या भिंतीचे दगड बाजूला रचायला लागतो आणि आजी त्याला मुंबईचं विचारते, तिथे त्यांतलं एखादं बसतं का, ते या आठवड्यात पाहणार आहे.